सौम्य पक्षाघातानंतर रक्तदाब: ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद करू नका

हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले आणि अर्ध्या तासात सगळे पूर्ववत झाले, तर त्याला डॉक्टर टीआयए किंवा ‘मिनी स्ट्रोक’ म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला आणि पुन्हा सुरू झाला, असा त्याचा अर्थ. सौम्य पक्षाघातात थोडी कमजोरी मागे राहते, पण माणूस चालता-फिरता असतो. दोन्हींनंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे अनेक वर्षे राहतो. हा धोका कमी करण्यासाठी रोज करता येण्यासारखी सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवणे.

एक नेहमीचे उदाहरण

समजा, ६१ वर्षांचे एक काका. वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी काम करून निवृत्त झाले आणि मेढ्याजवळच्या गावी परतले. एका सकाळी चहाचा कप डाव्या हातातून निसटला आणि जीभ जड झाली. वीस मिनिटांत बरे वाटले, तरी मुलाने त्यांना लगेच साताऱ्याला नेले. स्कॅन, ईसीजी आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी झाली. बीपी १६८/९६ होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० व अम्लोडिपिन ५ सुरू झाले.

दोन महिन्यांनी बीपी १२४/७६ आले. काकांनी बीपीच्या दोन्ही गोळ्या थांबवल्या. त्यांना काहीच त्रास जाणवला नाही. दीड महिन्याने दुसऱ्याच कारणासाठी दवाखान्यात आले तेव्हा बीपी १६२/९४ होते.

यात फसगत कुठे होते ते नीट पाहा. १२४/७६ हा आकडा गोळ्या चालू असतानाचा होता. रक्तवाहिन्यांचा कडकपणा गेलेला नसतो, गोळी फक्त दाब खाली धरून ठेवते. गोळी थांबली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब पुन्हा वर जातो आणि तो वर गेल्याचे शरीर सांगत नाही. म्हणून ‘डोके दुखत नाही, म्हणजे बीपी नाही’ हा हिशेब चुकीचा आहे.

किती खाली आणायचे?

पक्षाघात किंवा टीआयए झालेल्या बहुतेक रुग्णांसाठी ध्येय १३०/८० च्या खाली असते. इतर बीपीच्या रुग्णांना १४०/९० च्या खाली चालू शकते, म्हणून शेजाऱ्याचा आकडा स्वतःला लावू नका.

याला भक्कम आधार आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ या अभ्यासात पूर्वी पक्षाघात किंवा टीआयए झालेले ६,१०५ रुग्ण होते. सुमारे चार वर्षांत, बीपीचे औषध न मिळालेल्या गटात १०० पैकी साधारण १४ जणांना पुन्हा झटका आला आणि औषध मिळालेल्या गटात साधारण १० जणांना. बीपी सरासरी फक्त ९/४ ने कमी झाले होते. ज्यांचे बीपी मुळात फार जास्त नव्हते, त्यांनाही फायदा झाला.

घरी बीपी कसे मोजायचे?

दवाखान्यातला एक आकडा पुरेसा नसतो. दंडावर पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचे नको. पुढच्या तपासणीच्या आधीचे सात दिवस असे मोजा:

- सकाळी लघवी करून, गोळी व चहा घेण्याआधी, आणि रात्री झोपण्याआधी.
- पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला.
- एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा.
- पहिला दिवस सोडून बाकीच्या सहा दिवसांची सरासरी काढा.

आपल्या काकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर दवाखान्यात १२८/७८ आले. वहीत मात्र सकाळची सरासरी १४२/८६ आणि रात्रीची १३०/७८ होती, म्हणजे एकूण १३६/८२. वही नसती तर ‘छान आहे’ म्हणून त्यांना घरी पाठवले असते. आता क्लोरथॅलिडोन १२.५ ही तिसरी गोळी जोडली गेली आणि तीन आठवड्यांनी रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासले. पुढच्या वेळी सरासरी १२६/७६ होती. दोन-तीन गोळ्या लागणे म्हणजे आजार बळावला असे नव्हे. वेगवेगळ्या मार्गांनी दाब कमी करणाऱ्या गोळ्या कमी डोसमध्ये एकत्र चांगले काम करतात.

गोळ्या नियमित घेऊनही बीपी वाढत असेल तर

आधी मिठाचा हिशेब करा. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यात लोणचे, पापड, खारी शेंग हेही आले. घरात महिन्याला किलोची पिशवी संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर जाते. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरा. त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टनबरोबर ते रक्तात वाढू शकते.

दुसरे कारण गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅकसारखी औषधे बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात.

तिसरे कारण साधे आहे: गोळ्या संपतात. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा होता. त्यात एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या देण्यावर भर आहे. मुंबईला मुलाकडे जाताना जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो बरोबर ठेवा. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

बीपी फार कमी झाले तर

उभे राहिल्यावर अंधारी येत असेल तर बसून, मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा, डोस बदलता येतो. मानेची रक्तवाहिनी फार अरुंद असेल तरी बीपी सावकाश उतरवावे लागते. जुलाब-उलट्या होत असतील तर त्याच दिवशी विचारा. अशा वेळी टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन थोडे दिवस थांबवावे लागू शकते.

तातडीने १०८ ला फोन कधी करायचा?

तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा एकाएकी दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच. बरे वाटले तरी जा. घरी बीपी जास्त दिसले म्हणून जादा गोळी देऊ नका, जिभेखाली गोळी तर मुळीच ठेवू नका. एकदम दाब उतरला तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि जावळीच्या वाड्या-वस्त्यांवरून साताऱ्याला पोहोचण्यातही वेळ जातो.