आयडेम्पोटंट म्हणजे काय?

एखादी रिक्वेस्ट एकदा पाठवली काय नि पाच वेळा पाठवली काय, सर्व्हरवरची शेवटची स्थिती तीच राहत असेल, तर ती रिक्वेस्ट आयडेम्पोटंट.

समजा, तुम्ही ५०० रुपये भरले. सर्व्हरने पैसे कापले, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं. रिक्वेस्ट पोहोचलीच नाही की फक्त उत्तर हरवलं, हे ॲपला कळत नाही. ती पुन्हा पाठवली तर आणखी ५०० जाऊ शकतात, कारण `POST` आयडेम्पोटंट नसते. `PUT` आणि `DELETE` मात्र असतात: ‘पत्ता हा ठेव’ असं दोनदा सांगितलं तरी पत्ता तोच राहतो. (दुसऱ्या `DELETE` ला `404` आलं तरी हरकत नाही. उत्तर बदललं, स्थिती नाही.)

मग पैशांचं काय? ॲप प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक देऊन तो हेडरमध्ये पाठवतं:

```
Idempotency-Key: 7f3a-91c2
```

तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर पैसे न कापता आधीचंच उत्तर देतो. नवशिके नेमके इथे फसतात. क्रमांक रिट्रायच्या कोडमध्येच तयार केला, तर प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि सर्व्हरला तो नवाच व्यवहार वाटतो.