क्षयरोग : खोकला थांबल्यानंतरचे चार महिने

क्षयरोगाच्या उपचारातील सर्वांत नाजूक काळ कोणता, असे एखाद्या अनुभवी आरोग्यसेविकेस विचारल्यास ती निदानाच्या दिवसाचे नाव सहसा घेत नाही. तिच्या लेखी तो काळ दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सुरू होतो. ताप गेलेला असतो, खोकला थांबलेला असतो, भूक परतलेली असते. रुग्ण पुन्हा कामावर जाऊ लागतो आणि औषधाचे पाकीट फळीवर हळूहळू मागे सरकत जाते. अशा वेळी घरी येऊन आरोग्यसेविका जे बोलते, ते ‘औषध बंद करू नका’ एवढ्या सूचनेवर भागत नाही. बरे वाटत असूनही गोळ्या का घ्यायच्या, याचे पटेल असे उत्तर तिला द्यावे लागते आणि घरातल्या माणसांच्या मनातील भीतीशीही त्याच बैठकीत गाठ पडते.

नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचा उपचार ६ महिन्यांचा असतो. पहिले २ महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. पुढील ४ महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. सरकारी कार्यक्रमात पूर्वी ही औषधे आठवड्यातून तीन दिवस दिली जात. २०१७पासून ती रोज घ्यावयाची झाली. ही औषधे एकाच गोळीत एकत्र केलेली असून गोळ्यांची संख्या रुग्णाच्या वजनावर ठरते.

लक्षणे इतक्या लवकर का जातात, हे समजले की पुढचे सारे उलगडते. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात, पण ते सगळे एकाच अवस्थेत नसतात. बहुसंख्य जंतू झपाट्याने वाढत असतात. ताप, खोकला, वजन घटणे ही मुख्यतः त्यांची करणी आणि औषधांना सर्वप्रथम बळी पडतात तेही हेच. आयसोनियाझिड त्यांना पहिल्या काही दिवसांतच मोठ्या प्रमाणावर मारते. मात्र थोडे जंतू निपचित पडून राहतात आणि अधूनमधून क्षणभर जागे होतात. जंतू वाढत असताना जी क्रिया चालते, तिच्यावरच बहुतेक औषधे घाव घालतात. जो जंतू हालचालच करीत नाही, त्याला ती गाठू शकत नाहीत. अशा जंतूंच्या थोड्या वेळच्या जागेपणीही रिफाम्पिसिन त्यांना टिपते आणि आम्लयुक्त भागात दडलेल्यांवर पायराझिनामाइड काम करते. हे काम संथ असते. शेवटचे चार महिने जातात ते यातच. आरोग्यसेविका हे शास्त्र सांगत बसत नाही. चुलीतला जाळ विझला तरी राखेखाली निखारा असतो आणि वारा लागला की तो फुलतो, एवढे म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांना नेमके कळते.

मधेच औषध सोडले तर काय होते, याबद्दल मात्र थोडी गल्लत होते. सर्व गोळ्या एकदम थांबविल्यास बहुधा तोच आजार, त्याच औषधांना दाद देणाऱ्या जंतूंसह, काही महिन्यांनी उलटतो. जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका अधिक असतो तो अनियमितपणात: चार दिवस घेतल्या, आठ दिवस सोडल्या, किंवा खासगीरीत्या सुटी औषधे घेताना त्यांतले एखादेच चालू ठेवले, असे झाल्यास. सुमारे दहा लाख जंतूंत एखादा निसर्गतःच आयसोनियाझिडला न जुमानणारा निघतो. रिफाम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे दहा कोटींत एक असे आहे. औषधे एकत्र दिली जातात ती यासाठीच. एकाच्या तडाख्यातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो. ‘औषध सोडलेत तर मोठी टीबी होईल’ अशी नुसती धमकी म्हणूनच अपुरी पडते. रुग्णाने चार दिवस गोळ्या चुकविल्या आणि काहीच बिघडले नाही, की धमकीवरचा आणि धमकी देणाऱ्यावरचा विश्वास एकदमच उडतो.

यावर एक प्रश्न हमखास येतो. चार महिन्यांतच बरे होणारे लोक नसतात का? असतात, आणि ते मान्य करणेच शहाणपणाचे. उपचार चार महिन्यांवर आणण्याचे जे मोठे प्रयोग २०१४मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत बहुसंख्य रुग्ण बरे झाले होते. परंतु आजार उलटलेल्यांची संख्या सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा स्पष्टपणे जास्त होती. आपण कोणत्या गटात आहोत, हे रुग्णाला चौथ्या महिन्यात सांगू शकेल अशी खात्रीची चाचणी दवाखान्यात नाही. २०२१मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असलेला चार महिन्यांचा उपचार यशस्वी ठरला खरा, पण तो वेगळ्या औषधांचा संच आहे. त्याची बातमी वाचून नेहमीचा उपचार चौथ्या महिन्यात थांबविता येत नाही.

आता प्रत्यक्ष संभाषण कसे होते ते पाहू. समजा, मुंबईतील एका चाळीत राहणारा, दुकानात काम करणारा २९ वर्षांचा तरुण आहे. घरी आई, पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. उपचार सुरू झाला तेव्हा त्याचे वजन ४७ किलो होते, म्हणून त्याला रोज ३ गोळ्या मिळत. दोन महिन्यांनी थुंकीच्या तपासणीत जंतू दिसत नाहीत आणि वजन ५३ किलो भरते. ३५ ते ४९ किलोच्या गटातून तो ५० ते ६४ किलोच्या गटात गेल्याने आता त्याला रोज ४ गोळ्या घ्यावयाच्या आहेत. येथेच ठिणगी पडते.

‘ताई, मी बरा झालो म्हणता आणि गोळ्या वाढवता? म्हणजे आजार वाढलाय, तुम्ही सांगत नाही.’

‘दादा, आजार नाही वाढला, तुम्ही वाढलात. सहा किलो अंगाला लागलेत. आधीच्या गोळ्या सत्तेचाळीस किलोला पुरत होत्या, आता त्या कमी पडतील. आणि नव्या पाकिटात औषधं चारची तीन झालीत, ती मोजा.’

‘पण तपासणीत काही नाही आलं ना?’

‘दुर्बिणीखाली दिसलं नाही. दिसायला थुंकीत खूप जंतू असावे लागतात. थोडे असले तर नजरेला येत नाहीत.’

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडणे कठीण असते. दुसऱ्या महिन्यातील ‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ उपचार योग्य मार्गावर आहे, इतकाच होय. उलट, निदानासाठी वापरली जाणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही चाचणी या कामी वापरत नाहीत, कारण ती मेलेल्या जंतूंचे अवशेषही ओळखते आणि बऱ्या होणाऱ्या रुग्णाला विनाकारण घाबरविते.

संभाषण चालू असताना आरोग्यसेविकेचे लक्ष मोरीजवळ वेगळ्या ठेवलेल्या ताट-वाटीकडे जाते. तरुणाच्या आईने ती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली आहेत. नातीलाही बापाजवळ फिरकू दिलेले नाही. ‘मावशी, हा आजार भांड्यातून येत नाही, खोकल्याच्या हवेतून येतो,’ असे ती सांगते. उपचार सुरू झाल्यावर संसर्ग पसरविण्याची शक्यता झपाट्याने उतरते. धोका खरा असतो तो निदानापूर्वीच्या आठवड्यांत, जेव्हा कोणालाच काही ठाऊक नसते. त्यामुळे घरच्यांची तपासणी आणि पाच वर्षांखालील मुलीला, तिला आजार नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक औषध देणे हे कामाचे. ताट वेगळे करणे बिनकामाचे.

या सांगण्याला भारतातच झालेल्या संशोधनाचा आधार आहे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात राहिला. तेथे विश्रांती आणि पौष्टिक आहार होता. दुसरा गट दाट वस्तीतील आपल्या लहान घरांतच औषध घेत राहिला. १९५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. पुढील पाहणीत घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांत क्षय अधिक झाल्याचेही आढळले नाही. रुग्णाला घराबाहेर ठेवण्याच्या रूढीचा वैद्यकीय आधार तेव्हाच सुटला. रूढी मात्र टिकली. लग्न ठरलेली मुलगी किंवा नुकतीच नांदायला आलेली सून गोळ्या पिठाच्या डब्यात लपविते, आणि घरात पाहुणे असले की त्या दिवशीची गोळी राहते. लपविलेले औषध चुकते, हा कलंकाचा थेट वैद्यकीय परिणाम होय. म्हणून जाणती आरोग्यसेविका दारात उभे राहून आजाराचे नाव घेत नाही, आणि घरात कोणाला सांगायचे, गोळीची आठवण कोणी करायची, हे रुग्णालाच ठरवू देते.

औषध सोडण्याची इतर कारणे साधी असतात आणि आधी विचारली तर सुटतात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. ते रक्त समजून घाबरणारे पुष्कळ. मळमळ होत असेल तर औषधाची वेळ किंवा सोबतचा हलका आहार बदलून पाहता येतो. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला त्यांचा परिणाम कमी होतो हे सांगावेच लागते. मात्र सतत उलट्या, डोळे पिवळे होणे किंवा दृष्टी अंधुक होऊन लाल-हिरवा रंग ओळखू न येणे, यांपैकी काहीही झाल्यास गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयाचे असते. ‘काहीही झाले तरी थांबवू नका’ असे सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मुंबईत आणखी एक कारण वर्षातून दोनदा तरी डोके वर काढते: गाव. लावणीला किंवा गणपतीला गेलेला रुग्ण तीन आठवडे परतत नाही आणि पाकीट खोलीवर राहते. निघण्याआधी कळविले तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या बरोबर मिळू शकतात. मुक्काम लांबणार असेल तर नोंदणी क्रमांकावरून गावाजवळच्या केंद्रात उपचार वर्ग करता येतो. एक-दोन दिवस चुकले तर राहिलेल्या मात्रा शेवटी भरून काढतात. दुप्पट गोळ्या घ्यावयाच्या नसतात. सलग महिनाभर किंवा अधिक खंड पडला, तर मात्र पुन्हा थुंकी तपासून, औषधरोधाची चाचणी करूनच पुढचा उपचार ठरतो.

सहा महिने पुरे झाल्यावर थुंकी पुन्हा तपासली जाते. तीत जंतू नसतील तर गोळ्या थांबतात. त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी रुग्णाला बोलावले जाते आणि खोकला, ताप किंवा वजनातील घट यांची विचारपूस होते, कारण उलटणारा आजार बहुधा याच काळात उलटतो.