समभागाच्या प्रचरणाचे विभाजन

एखाद्या समभागाच्या परताव्यातील चढउतारापैकी किती वाटा संपूर्ण बाजाराच्या हालचालीमुळे आणि किती त्या कंपनीच्या स्वतःच्या घडामोडींमुळे, हे वेगळे काढण्याची रीत. तिचा आधार एक-निर्देशांक प्रतिमान हा आहे. समभागाचा रोजचा परतावा म्हणजे एक स्थिर संख्या, अधिक बीटा गुणिले निर्देशांकाचा परतावा, अधिक उरलेला अवशेष, असे हे प्रतिमान मानते. अवशेषाचा निर्देशांकाशी संबंध नाही असे गृहीत धरले, की प्रचरणाचे म्हणजेच व्हेरियन्सचे दोन तुकडे पडतात :

```
Var(Ri) = b^2 * Var(Rm) + Var(e)
```

पहिला तुकडा बाजारजन्य, दुसरा कंपनीपुरता. पहिल्याला एकूण प्रचरणाने भागले की R² मिळतो. बेरीज होते ती प्रचरणांची, प्रमाण विचलनांची नव्हे. ही चूक बरीच आढळते.

विल्यम शार्प यांनी हे प्रतिमान १९६३ मध्ये मांडले ते आकडेमोड आवाक्यात आणण्यासाठी. हॅरी मार्कोविट्झ यांच्या १९५२ च्या पद्धतीने ५० समभागांचा विचार करायचा, तर त्यांच्या जोड्यांची १,२२५ सहप्रचरणे लागतात. सर्व समभाग एकाच निर्देशांकामार्फत एकमेकांशी जोडलेले आहेत असे मानले, तर प्रत्येक समभागाचा एक बीटा आणि एक अवशेष-प्रचरण, शिवाय निर्देशांकाचे प्रचरण, एवढ्यावर भागते. आज संगणकाला १,२२५ संख्यांचे ओझे वाटत नाही, पण विभाजन मात्र वापरात टिकले आहे. राष्ट्रीय शेअर बाजार निफ्टी ५० मधील प्रत्येक समभागाचे निर्देशांकातील वजन, बीटा आणि R² प्रसिद्ध करतो. त्यामुळे वाचकाला स्वतः काही न मोजताही विभाजन हाती येते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

रिलायन्स इंडस्ट्रीजच्या उदाहरणावरून ती नीट कळते. रिलायन्सचे वजन निफ्टीत आणि सेन्सेक्समध्ये बराच काळ दहा टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. म्हणजे ज्या निर्देशांकाशी हा समभाग ताडून पाहायचा, त्याचा दहावा हिस्सा तो स्वतःच आहे.

हिशोबासाठी सोयीचे आकडे घेऊ. निर्देशांकाच्या रोजच्या परताव्याचे प्रमाण विचलन १ टक्का, समभागाचे १.६ टक्के, बीटा १.१. समभागाचे प्रचरण १.६ चा वर्ग, म्हणजे २.५६. बाजारजन्य भाग १.१ चा वर्ग गुणिले १, म्हणजे १.२१. उरलेले १.३५ कंपनीपुरते. R² सुमारे ०.४७ येतो, तेव्हा निम्म्याहून थोडी कमी अस्थिरता बाजाराची, असा निष्कर्ष निघतो.

आता निर्देशांकातून हा समभाग वगळून उरलेल्या ४९ समभागांचा निर्देशांक बनवू. समभाग आणि निर्देशांक यांचे सहप्रचरण बीटा गुणिले निर्देशांकाचे प्रचरण, म्हणजे १.१० आहे. पण त्यातले ०.१ गुणिले २.५६, म्हणजे ०.२५६, हे समभागाचे स्वतःशीच असलेले नाते आहे. ते वजा करून उरलेल्याला ०.९ ने भागले, की इतर ४९ समभागांशी असलेले सहप्रचरण मिळते : सुमारे ०.९४. या ४९ समभागांच्या निर्देशांकाचे प्रचरण याच रीतीने काढले तर ०.९९ येते, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच. मात्र बीटा १.१ वरून ०.९४ वर उतरतो, बाजारजन्य भाग १.२१ वरून ०.८८ वर येतो आणि कंपनीपुरता भाग १.६८ होतो. R² ०.४७ चा ०.३५ झाला. ज्या समभागाला ‘बाजारापेक्षा आक्रमक’ म्हटले होते तो आता बाजारापेक्षा सौम्य ठरतो आणि त्याची जवळपास दोन तृतीयांश अस्थिरता त्याची स्वतःची निघते. दोन टक्के वजनाच्या समभागात हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा असतो. रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेच्या बाबतीत तो दुर्लक्षून चालणार नाही.

यामागचे कारण प्रतिमानाच्या गृहीतकातच आहे. निर्देशांक त्याच्याच घटकांचा बनलेला असल्याने, वजने स्थिर धरली तर सर्व घटकांच्या अवशेषांची भारित बेरीज दररोज शून्य होते. तेव्हा हे अवशेष एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र असूच शकत नाहीत. वजनदार कंपनीची खास बातमी थोडी ‘बाजार’ या नावाखाली जमा होते आणि इतरांच्या अवशेषांत उलट चिन्हाने उमटते.

२२ एप्रिल २०२० रोजी हे प्रत्यक्ष दिसले. रिलायन्सच्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के हिस्सा घेणार असल्याचे फेसबुकने जाहीर केले. रिलायन्सचा भाव सुमारे १० टक्के वर गेला आणि सेन्सेक्स सुमारे ७४३ अंकांनी, म्हणजे २.४ टक्के वाढला. दहा टक्के वजन धरले तर त्या २.४ पैकी सुमारे १ टक्का एकट्या रिलायन्सचा होता. वरचाच बीटा १.१ लावला तर त्या दिवसाचा अवशेष सुमारे ७.४ टक्के येतो. रिलायन्स वगळून उरलेला बाजार सुमारे १.६ टक्केच वाढला होता, त्याच्याशी ०.९४ च्या बीटाने ताडले तर अवशेष ८.५ टक्के होतो. बातमी तर पूर्णपणे कंपनीची होती. शिवाय ७.४ चा वर्ग सुमारे ५५. वर्षाच्या २५० व्यवहारदिवसांत तो विभागला तरी कंपनीपुरत्या प्रचरणात ०.२२ ची भर पडते. एका दिवसाने एवढा फरक पडत असेल, तर एका वर्षाच्या आकड्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बेताने बांधावा.

प्रत्यक्ष गणन स्प्रेडशीटमध्ये होते. B स्तंभात निर्देशांकाचा आणि C स्तंभात समभागाचा रोजचा टक्के परतावा असेल, तर बीटा, बाजारजन्य भाग आणि कंपनीपुरता भाग असे मिळतात :

```
=SLOPE(C2:C251,B2:B251)
=RSQ(C2:C251,B2:B251)*VAR.S(C2:C251)
=(1-RSQ(C2:C251,B2:B251))*VAR.S(C2:C251)
```

परतावा काढण्याआधी भाव बोनस आणि समभाग-विभाजनासाठी समायोजित केलेले हवेत. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. कच्चे भाव घेतले तर त्या दिवशी उणे ५० टक्क्यांच्या आसपास परतावा दिसतो; त्याचा वर्ग २,५००, आणि २५० दिवसांवर विभागून प्रचरणात १० ची भर, म्हणजे खऱ्या एकूण प्रचरणाच्या कितीतरी पट. R² अचानक शून्याजवळ गेला, की आधी अवशेषांच्या यादीतली सर्वांत मोठी संख्या आणि तिची तारीख पाहावी.

अवशेषाला ‘कंपनीपुरता’ म्हणणे हेही थोडे धाडसाचेच. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या मुंबईत मुख्यालय असलेल्या दोन सरकारी तेल कंपन्यांचे अवशेष घेऊन त्यांचा सहसंबंध काढावा. कच्च्या तेलाचा भाव आणि पंपावरील दराचे धोरण यांचा परिणाम दोघींवर एकदमच होतो, म्हणून तो शून्याच्या बराच वर असतो. प्रतिमान मात्र दोघींमधला संबंध फक्त दोन बीटा आणि निर्देशांकाचे प्रचरण यांच्या गुणाकारातून मोजते, त्यामुळे दोन्ही समभाग एकत्र बाळगणाऱ्याची जोखीम ते कमी दाखवते. अशा वेळी बाजाराच्या जोडीला उद्योगक्षेत्राचा दुसरा निर्देशांक घेऊन अवशेषाचे पुन्हा विभाजन करतात. तो निर्देशांक मोजक्या कंपन्यांचा असल्याने त्यातूनही अभ्यासाचा समभाग आधी वगळावा लागतो.