नीतिशास्त्राच्या पेपरचे तीन तास: ‘अ’ आणि ‘ब’ विभागांची वेळवाटणी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाची चौथी प्रश्नपत्रिका २०१३ पासून घेतली जाते. नीतिशास्त्र, सचोटी आणि अभियोग्यता हा तिचा विषय. गुण २५० आणि वेळ तीन तास असली, तरी उरलेल्या तीन सामान्य अध्ययन पत्रिकांसाठी बसवलेले वेळेचे गणित येथे लागू पडत नाही. त्या पत्रिकांत दहा आणि पंधरा गुणांचे वीस प्रश्न असतात. येथे मात्र एकमेकांशी काहीच साम्य नसलेले दोन विभाग आहेत. अलीकडच्या वर्षांच्या रचनेनुसार ‘अ’ विभागात प्रत्येकी १० गुणांची व १५० शब्दमर्यादेची १३ उत्तरे, म्हणजे १३० गुण. ‘ब’ विभागात प्रत्येकी २० गुणांची व २५० शब्दमर्यादेची सहा प्रसंग-अध्ययने, म्हणजे १२० गुण. सर्व प्रश्न अनिवार्य असल्याने नावडता प्रश्न वगळून निभावून नेण्याची सोय नाही.

सरळ त्रैराशिक मांडले तर एका गुणाला सुमारे ४३ सेकंद मिळतात. त्या हिशेबाने ‘अ’ विभागाला ९४ आणि ‘ब’ विभागाला ८६ मिनिटे येतात. हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. एक तर त्यात उजळणीसाठी एक मिनिटही उरत नाही. दुसरे म्हणजे तो वाचनाचा वेळ मोजत नाही. ‘अ’ विभागातील प्रश्न बहुधा दोन-तीन ओळींचा असतो, तर प्रसंग-अध्ययन अर्धे-पाऊण पान व्यापते. त्यात पात्रे, दडपणे, परस्परविरोधी कर्तव्ये असतात आणि शेवटी दोन-तीन उपप्रश्न.

गोव्यातील जो उमेदवार मराठी किंवा कोकणी माध्यम निवडतो, त्याच्यासाठी हा वाचनाचा भार आणखी वाढतो. उत्तरे निवडलेल्या माध्यमात लिहायची असली, तरी प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच छापलेली असते. प्रसंग एका भाषेत समजून घ्यायचा आणि त्याची मांडणी दुसऱ्या भाषेत करायची. हा वेळ धरलाच पाहिजे. शिवाय हा पेपर दुपारचा. सकाळी त्याच दिवशी तिसरी पत्रिका तीन तास लिहून हात आधीच अवघडलेला असतो.

म्हणून व्यवहारात टिकणारी वाटणी अशी: सुरुवातीला ४ मिनिटे पत्रिका चाळण्यासाठी, प्रत्येक प्रसंग-अध्ययनाला १५ याप्रमाणे ९० मिनिटे, ‘अ’ विभागातील प्रत्येक उत्तराला ६ याप्रमाणे ७८ मिनिटे आणि शेवटची ८ मिनिटे उजळणीसाठी. बेरीज बरोबर १८० भरते.

सहा मिनिटांत १५० शब्द कसे लिहायचे, अशी शंका येथे रास्त आहे. १५० ही मर्यादा आहे, तेवढे शब्द भरलेच पाहिजेत असे नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येत असल्याने इंग्रजीत तीन शब्द लागणारा मजकूर पुष्कळदा एका शब्दात मावतो. मात्र तो एक शब्द लिहायला तुलनेने लांब असतो. त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या उमेदवारांचा वेग प्रमाण मानू नये. घरी घड्याळ लावून दहा मिनिटे सलग लिहावे आणि शब्द मोजावेत. मिनिटाला वीस शब्द पडत असतील, तर सहा मिनिटांत १२० शब्द होतात आणि दहा गुणांच्या उत्तराला ते पुरतात. वेग पंधराच्या आसपास असेल, तर वेळ वाढवण्यापेक्षा उत्तराची प्रस्तावना काढून टाकणे हाच खरा उपाय. या पत्रिकेत सर्वाधिक शाई व्याख्येच्या आधीच्या व्याख्येवर वाया जाते.

प्रसंग-अध्ययनाच्या १५ मिनिटांतही पोटवाटणी हवी. आधी शेवटचे उपप्रश्न वाचावेत, मग प्रसंग. यास तीन मिनिटे. दोन मिनिटांत संबंधित घटक, पर्याय आणि स्वतःचा निर्णय यांचे टिपण करावे. उरलेली दहा मिनिटे लेखनाची. निर्णय ठरण्याआधीच लेखणी टेकवणारा उमेदवार सर्व पर्यायांचे गुणदोष सविस्तर लिहितो आणि निर्णयाला दोन ओळी ठेवतो. विचारलेला असतो तो मात्र निर्णयच.

आधी कोणता विभाग लिहावा, यावर शिक्षकांत एकमत नाही. ‘अ’ने सुरुवात केली की हात आणि मन मोकळे होते, हे खरे. पण वेळ घसरला तर काय होते ते पाहावे. पेपर अडीच वाजता सुरू झाला, चाळण्यात चार मिनिटे गेली आणि ‘अ’मधील प्रत्येक उत्तराने सहाऐवजी आठ मिनिटे घेतली, असे समजू. तेरा उत्तरांना १०४ मिनिटे लागतात आणि घड्याळात ४.१८ वाजतात. उरली ७२ मिनिटे. पंधरा मिनिटांच्या गतीने चार प्रसंग पूर्ण होतात, पाचव्याला १२ मिनिटे मिळतात आणि सहावा वाचलाही जात नाही. त्या २० गुणांच्या बदल्यात मिळाले काय, तर तेरा उत्तरांत प्रत्येकी दोन-चार जादा वाक्ये.

याउलट ‘ब’ आधी घेतल्यास लांबलचक वाचन ताज्या मनाने होते आणि शेवटी वेळ कमी पडलाच, तर तुटतो तो दहा गुणांचा तुकडा. मराठी माध्यमासाठी हाच क्रम अधिक सुरक्षित. त्यात थांबे तीनच लक्षात ठेवायचे: तिसरा प्रसंग संपताना ३.१९, सहावा संपताना ४.०४ आणि ‘अ’ विभाग संपताना ५.२२. पहिल्याच थांब्यावर पाच-सहा मिनिटांची घसरण दिसली, तर चौथ्या प्रसंगापासून लेखन आठ मिनिटांवर आणावे. ती भरपाई ‘अ’ विभागावर ढकलू नये. मनगटावर साधे काट्यांचे घड्याळ असावे. स्मार्ट घड्याळ केंद्रात चालत नाही.

अवघड प्रश्नांची तजवीज वेगळी लागते. उत्तरपुस्तिकेत प्रत्येक प्रश्नाखाली त्याची जागा आखलेली असते, त्यामुळे प्रश्न मागे ठेवला तरी क्रम बिघडत नाही. चाळतानाच अशा प्रश्नांवर खूण करावी. मात्र मागे ठेवलेल्या प्रश्नासोबत त्याची सहा मिनिटेही मागे ठेवली पाहिजेत. समजा, ‘अ’ विभागातील दोन प्रश्न बाजूला ठेवले. मग उरलेली अकरा उत्तरे ५.१० ला संपायला हवीत. ती ५.२२ ला संपली, तर सोप्या उत्तरांनी अवघड प्रश्नांचा वेळ खाल्ला, हे घड्याळच सांगते. प्रत्यक्षात नेमके हेच सर्रास घडते, कारण येणारे उत्तर लिहिताना थांबवत नाही.

ज्या पात्र दिव्यांग उमेदवारांना तासाला २० मिनिटे भरपाईवेळ मिळतो, त्यांनी प्रत्येक आकडा एक तृतीयांशाने वाढवावा: प्रसंगाला २० मिनिटे, दहा गुणांच्या उत्तराला आठ.

शेवटच्या आठ मिनिटांत सगळे वाचून काढणे शक्य नसते, म्हणून क्रम ठरवलेला बरा. आधी एखादा उपप्रश्न राहिला आहे का ते पाहावे. ‘क’ उपप्रश्न पान उलटताना निसटतो. मग कोऱ्या राहिलेल्या पानांवर आणि भागांवर रेघ मारावी, तशी सूचनाच पत्रिकेवर असते. ‘तुम्ही जिल्हाधिकारी आहात’ अशा प्रसंगात ओघात स्वतःचे नाव किंवा गाव लिहिले गेले आहे का, तेही तपासावे. ओळख उघड होणे नियमाविरुद्ध आहे. ऱ्हस्वदीर्घाची पाळी त्यानंतर, वेळ उरलाच तर.