बहुमाध्यमी मॉडेल : आलेखवाचन आणि त्यातील चुका

बहुमाध्यमी मॉडेल. चित्र आणि मजकूर एकत्र वाचून मजकुरात उत्तर देणारे संगणकीय भाषा-मॉडेल. बोलण्यात ‘मल्टिमोडल मॉडेल’ हेच नाव अधिक चालते. छायाचित्र, पावतीवरील मजकूर, नकाशा, आलेख अशा अनेक गोष्टी त्याला दाखवता येतात. या नोंदीत मुख्यतः आलेखवाचनाचा विचार केला आहे. छायाचित्रात मांजराला कुत्रा म्हटले, तर पाहणाऱ्याला चूक लगेच कळते. आलेखातून चुकीचा आकडा उचलला, तर तो सफाईदार वाक्यात बसून येतो आणि सहज खपून जातो.

घडण. ओपनएआय या संस्थेने २०२१ मध्ये क्लिप हे मॉडेल जाहीर केले. इंटरनेटवरून जमवलेल्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर त्याला शिकवले होते. कोणते चित्र कोणत्या वाक्याशी जुळते, एवढेच ते ओळखायला शिकले. २०२३ मध्ये आलेल्या लावा या मॉडेलने क्लिपचा चित्र वाचणारा भाग एका भाषा-मॉडेलला जोडला. त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत चित्र ३३६ × ३३६ पिक्सेलांवर आणले जाते आणि त्याचे १४ × १४ पिक्सेलांचे ५७६ चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनाचे आकड्यांच्या एका मालिकेत रूपांतर होते आणि भाषा-मॉडेल ती मालिका शब्दासारखी वाचते. पुढच्या मॉडेलांनी मोठी चित्रे तुकड्या-तुकड्यांनी वाचण्याच्या सोयी केल्या, तरी गाभा हाच राहिला. यात पट्टी लावून स्तंभ मोजण्याची पायरी कुठेच नाही. मॉडेल चौकोनांवरून अंदाज बांधते आणि त्या अंदाजाला शोभेल असा पुढचा शब्द निवडते. आलेखवाचनातील बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे.

उदाहरण : बीडचा आलेख. बीड जिल्ह्यातील बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या, २००१ च्या जनगणनेत ८९४ होते. २०११ मध्ये ते ८०७ वर आले. राज्यातील हा सर्वांत कमी आकडा होता. महाराष्ट्राचे गुणोत्तर याच काळात ९१३ वरून ८९४ झाले. समजा, या चार आकड्यांचा स्तंभालेख काढला : २००१ साठी निळा रंग, २०११ साठी नारिंगी, डावीकडे बीडची जोडी, उजवीकडे राज्याची, स्तंभांवर आकडे छापलेले नाहीत.

येथे ८९४ हा आकडा दोनदा येतो. बीडचा निळा स्तंभ आणि राज्याचा नारिंगी स्तंभ यांची उंची सारखीच आहे. रंगांची सूची कोपऱ्यात असते, स्तंभ मध्यभागी आणि जिल्ह्याचे नाव खाली. या तीन जागा जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. जोड चुकली, तर ‘२०११ मध्ये बीडचे गुणोत्तर ८९४’ असे वाक्य तयार होते. आकडा खरा, वर्षही आलेखातले, फक्त त्यांची गाठ चुकीची. जिल्ह्याचे सर्वांत वाईट वर्ष अशा वाक्यात राज्याच्या सरासरीइतके सुसह्य दिसू लागते. आलेखाच्या शीर्षकातला ‘बाल’ हा शब्द निसटला, तर आणखी एक गोंधळ संभवतो, कारण सर्व वयोगटांचे बीडचे गुणोत्तर २०११ मध्ये ९१६ होते.

दुसरी अडचण उभ्या अक्षाची. फरक उठून दिसावा म्हणून असा आलेख अनेकदा शून्यापासून न काढता ७८० ते ९२० एवढ्याच पट्ट्यात काढतात. मग ८९४ चा स्तंभ ११४ एककांचा आणि ८०७ चा २७ एककांचा दिसतो, म्हणजे सव्वाचार पट फरक. प्रत्यक्षातली घट ८७ अंकांची, सुमारे पावणेदहा टक्के. अक्षावरचे आकडे न वाचता नुसत्या उंचीवरून निष्कर्ष काढणारे मॉडेल ‘गुणोत्तर चौथ्या हिश्श्यावर आले’ असे लिहू शकते. घाईत असलेला माणूसही असेच फसतो. पण माणूस सहसा थबकतो, कारण हजारामागे दोनशेच मुली ही गोष्ट त्याला अशक्य वाटते.

अक्ष शून्यापासून घेतला तर अतिशयोक्ती टळते, पण बारकावा जातो. ३३६ पिक्सेलांच्या चित्रात आलेखाला २८० पिक्सेल उंची मिळाली आणि अक्ष शून्य ते हजार असला, तर ९१३ आणि ८९४ यांतला फरक जेमतेम पाच पिक्सेलांचा उरतो. चौकोन १४ पिक्सेलांचा, म्हणजे फरक एका चौकोनाच्याही आत मावतो. वर सांगितलेल्या तोकड्या अक्षावर तोच फरक ३८ पिक्सेलांचा होतो. त्यामुळे छापील आकडे नसलेल्या आलेखातून मॉडेलने शेवटच्या अंकापर्यंत नेमके उत्तर दिले, तर त्या नेमकेपणावरच शंका घ्यावी.

पूर्वज्ञानाचा शिरकाव. बीडचा ८०७ हा आकडा बातम्या आणि अहवालांतून इतक्या वेळा छापला गेला आहे, की मॉडेलने तो शिकताना मजकुरातच पाहिला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी उत्तर बरोबर येते, पण चित्र न पाहता. चित्रांवरील प्रश्नोत्तरांच्या व्हीक्यूए या संचात हा दोष २०१७ मध्येच दाखवून देण्यात आला होता : ‘अमुक दिसते का’ अशा धाटणीच्या प्रश्नांना डोळे झाकून ‘हो’ म्हटले, तरी ८७ टक्के उत्तरे बरोबर येत. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. आलेखाची एक प्रत करावी, तिच्यात बीडचा २०११ चा स्तंभ ८५० पर्यंत वाढवावा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर ८०७ च राहिले, तर ते स्मरणातून आले असे समजावे.

देवनागरी अंक. मराठी छपाईतील आलेखांत आणखी एक धोका असतो. देवनागरी चार इंग्रजी आठसारखा दिसतो, देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा, आणि लहान टायपात ही साम्ये वाढतात. ८९४ चे ८९८ झाले, तर ते लक्षातही येणार नाही. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनीही घोटाळा होतो. बीडची २०११ ची लोकसंख्या २५,८५,०४९ ही हजार-दशलक्षांच्या पद्धतीने वाचू पाहणाऱ्याला स्वल्पविराम चुकीच्या जागी वाटतो.

मापन आणि त्याची मर्यादा. चार्टक्यूए हा २०२२ चा प्रश्नसंच आलेखवाचनाची प्रमुख कसोटी मानला जातो. त्यात आकडी उत्तर मूळ आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत असले, तर बरोबर धरतात. पिकांचे उत्पादन किंवा निधीची रक्कम यांसाठी ही सवलत चालेल. बाल लिंग गुणोत्तरासाठी ती फार सैल आहे. ८०७ चे ५ टक्के ४० होतात, म्हणजे ८४७ हे उत्तरही पास ठरते. राज्याची १९ अंकांची घट तर मूळ आकड्याच्या २ टक्क्यांच्या आसपास आहे. ‘काहीच घट झाली नाही’ असे वाचणारे मॉडेलही या कसोटीला उतरेल. कसोटीतल्या गुणांवरून असे मॉडेल जनगणनेच्या आकड्यांसाठी विश्वासार्ह ठरवणे चुकीचे आहे.

पडताळणी. गुगलच्या संशोधकांनी मांडलेल्या डीप्लॉट पद्धतीत आलेखाचा आधी तक्ता करून घेतात आणि मग त्या तक्त्यावर प्रश्न विचारतात. सामान्य वापरातही हाच क्रम हिताचा आहे. थेट ‘बीडमध्ये काय झाले’ असे विचारण्याऐवजी आधी अक्षाची सुरुवात व शेवट, रंगांची सूची आणि चारही स्तंभांचे आकडे तक्त्यात लिहवून घ्यावेत. चूक वाक्यात लपते, तक्त्यात उघडी पडते : बीड-२०११ च्या घरात ८९४ दिसले, की शेजारचे राज्याचे घर पाहून गफलत ध्यानात येते. मात्र तक्त्यातील आकडेही अंदाजच असतात, तेव्हा ते मूळ कोष्टकाशी ताडूनच वापरावेत. जनगणनेची जिल्हानिहाय कोष्टके सार्वजनिक आहेत. न ताडता आकडा छापण्याला सबब उरत नाही.