फ्लाय ॲश : कोरडी राख विकली जाते, ओली राख गावाच्या उशाशी साचते

१६ जुलै २०२२ रोजी कामठी तालुक्यातील खसाळा येथे राखेचा बंधारा फुटला. कोराडी औष्णिक वीज केंद्राची राख साठवण्यासाठी हा बंधारा बांधलेला होता. अतिवृष्टीच्या दिवसांत त्याचा एक भाग वाहून गेला आणि राख मिसळलेले पाणी आसपासच्या गावांच्या शिवारात शिरले. तिथून ते कोलार नदीत आणि पुढे कन्हान नदीत पोहोचले. नागपूर शहराला पाणी पुरवणाऱ्या स्रोतांपैकी कन्हान एक आहे. त्यामुळे गावाच्या हद्दीतली राख थेट शहराच्या नळापर्यंत जाण्याची वेळ आली.

हीच राख सिमेंट कारखान्याला हवी असते, वीटभट्टीला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या वीट कारखान्यालाही हवी असते. मग ती बंधाऱ्यात साचते कशाला? याचे उत्तर राख केंद्राबाहेर कशी काढली जाते, यात आहे.

राख येते कुठून?

औष्णिक केंद्रात दगडी कोळसा पिठासारखा बारीक दळून भट्टीत जाळतात. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण जास्त, साधारण ३० ते ४५ टक्के. कोळसा जळाला की जड राख भट्टीच्या तळाशी पडते. तिला बॉटम ॲश किंवा तळराख म्हणतात. हलकी, बारीक राख धुरासोबत वर उडते, ती फ्लाय ॲश. एकूण राखेत फ्लाय ॲश साधारण ८० टक्के आणि तळराख २० टक्के असते.

चिमणीच्या आधी ईएसपी नावाचे मोठे यंत्र असते. विजेच्या भाराने ते धुरातली राख ओढून घेते आणि खालच्या नरसाळ्यासारख्या टाक्यांत, म्हणजे हॉपरमध्ये, पाडते. इथपर्यंत राख कोरडीच असते. पुढे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट कोरडी. हवेच्या दाबाने राख नळीतून सायलोत, म्हणजे उंच बंद कोठीत, नेतात. कोठीखाली बल्कर टँकर लागतो आणि राख कारखान्याकडे रवाना होते. दुसरी वाट ओली. राखेत तिच्या कित्येक पट पाणी मिसळतात आणि हा पातळ चिखल पाइपातून काही किलोमीटर दूरच्या राख तलावात सोडतात. तिथे राख खाली बसते आणि वरचे पाणी काढून घेतात. ओली वाट चालवायला सोपी असते, राख लगेच नजरेआड होते. पण एकदा भिजून तलावात बसलेल्या राखेची किंमत घसरते. जाड-बारीक, तळराख-फ्लाय ॲश सगळे एकत्र मिसळते. सिमेंटसाठी लागणारा बारीकपणा आणि गुण मग तिच्यात एकसारखा राहत नाही.

सिमेंटमध्ये राख काय करते?

सिमेंटमध्ये पाणी पडले की ते घट्ट होताना चुन्यासारखा एक पदार्थ मोकळा होतो. तो स्वतः ताकद देत नाही, उलट पाण्याबरोबर हळूहळू झिरपून बाहेर येतो. फ्लाय ॲशमधली सिलिका या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि चिकटवणारा नवा पदार्थ तयार होतो. त्यामुळे काँक्रीटमधली बारीक छिद्रे भरत जातात आणि पाणी कमी मुरते.

बाजारात पीपीसी म्हणून मिळणारे सिमेंट हेच. राखेच्या पीपीसीसाठी भारतीय मानकानुसार (आयएस १४८९) फ्लाय ॲश १५ ते ३५ टक्के चालते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात साडेसात ते साडेसतरा किलो राख असू शकते. ही भेसळ नव्हे. मानकानेच दिलेली मुभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथील सिमेंट कारखाने आणि चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र एकमेकांपासून फार लांब नाहीत, ही या भागाची सोय.

मर्यादा एकच, पण घर बांधणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी. राखेची ही क्रिया सावकाश चालते आणि तिला ओल लागते. साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचे असते. राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, आणि शक्यतो १४ दिवस. विदर्भातल्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच पाणी बंद केले, तर स्लॅबला भेगा पडतात आणि दोष मात्र सिमेंटच्या माथी येतो.

वीट कशी बनते आणि कशी ओळखावी?

राखेच्या विटेला भट्टी लागत नाही, शेतातली वरची सुपीक मातीही लागत नाही. साधारण ६० टक्के फ्लाय ॲश, ३० टक्के गिट्टीची चुरी किंवा वाळू आणि १० टक्के सिमेंट असे मिश्रण घेतात. काही कारखाने सिमेंटऐवजी चुना आणि जिप्सम वापरतात. मिक्सरमध्ये थोड्या पाण्यात मिश्रण मळून दाबयंत्रात वीट पाडतात. एक-दोन दिवस ती सावलीत ठेवतात आणि मग दोन ते तीन आठवडे रोज पाणी मारतात.

कच खाल्ली जाते ती इथेच. मागणी वाढली की वीट आठ-दहा दिवसांतच गाडीवर चढते. सिमेंट वाचवण्यासाठी ते कमी टाकले जाते, किंवा सायलोतल्या राखेऐवजी तलावातली जाड राख भरली जाते. अशी वीट बाहेरून साफ, चौकोनी दिसते, पण कडा हाताने झडतात.

तपासणी जागेवरच करता येते. दोन विटा एकमेकींवर ठोकल्या तर खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा पडू नये. शेवटची परीक्षा पाण्याची. वाळलेली वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवावी, पुसून पुन्हा तोलावी. कोरडी वीट ३ किलो आणि भिजल्यावर ३ किलो ४५० ग्रॅम भरली, तर तिने १५ टक्के पाणी प्यायले. नेहमीच्या विटांसाठी २० टक्क्यांपर्यंत चालते. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर तो माल परत करावा.

मग राख उरते का?

एक हिशेब करून पाहू. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ८,४०० टन कोळसा जळतो. त्यात ३५ टक्के राख धरली तर ती २,९४० टन, आणि त्यातली फ्लाय ॲश सुमारे २,३५० टन. २० टनांचे टिप्पर धरले तर रोज ११७ गाड्या, तेही एकाच संचाच्या.

३ किलोची वीट आणि तिच्यात ६० टक्के राख धरली, तर हजार विटांना १.८ टन राख लागते. म्हणजे या एका संचाची राख संपवायला रोज १३ लाख विटा पाडाव्या लागतील. तालुक्यातले चार-दोन वीट कारखाने हा भार उचलू शकत नाहीत. म्हणून मोठा वाटा सिमेंटने, रस्त्याच्या भरावाने आणि बंद पडलेल्या कोळसा खाणी बुजवण्याच्या कामाने उचलावा लागतो. यातले एखादे काम थांबले, पावसाळ्यात बांधकामे मंदावली, की उरलेली राख तलावाकडे वळते. वीजनिर्मिती मात्र थांबत नाही.

तलाव का फुटतो, आधी काय दिसते?

राख तलाव भरत आला की अनेकदा त्याचाच बांध उंच करतात. नवा थर आत बसलेल्या राखेवर टेकलेला असतो, आणि ती राख पाण्याने भिजलेली असते. मुसळधार पावसात आतली पातळी वाढते. पाणी काढणारा मार्ग अडला तर ते बांधावरून वाहू लागते आणि माथा कापत जाते. दुसरा प्रकार लपून होतो. पाणी बांधातून झिरपताना सोबत बारीक कण नेते, आत पोकळ वाट तयार होते आणि एक दिवस बांध खचतो.

बांधाजवळच्या शेतकऱ्याला हे आधी दिसू शकते. बाहेरच्या उतारावर नवी ओल, माथ्यावर लांब भेग, कुठे खचलेला भाग. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याचा रंग. स्वच्छ पाणी थोडे येत असेल तर लक्ष ठेवायचे. तेच राखाडी, गढूळ होऊन वाढू लागले, तर बांध आतून पोखरला जातो आहे असे समजायचे आणि त्याच तासाला तहसील कार्यालय व केंद्राला कळवायचे.

फुटला नाही तरी तलाव त्रास देतोच. उन्हाळ्यात वरचा थर सुकला की वारा राख उचलतो आणि ती पिकाच्या पानांवर, विहिरीत, घरात बसते. राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. तळाला अस्तर नसेल तर ते भूजलात उतरण्याचा धोका असतो. म्हणून तलावाजवळच्या विहिरीचे पाणी तपासताना क्षार आणि जडपणा एवढ्यावर न थांबता जड धातूंची चाचणी मागावी. नेहमीच्या चाचणीत ते दिसत नाहीत.

नियम काय सांगतो?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार कोळशावरच्या वीज केंद्राने दर वर्षी किमान ८० टक्के आणि तीन वर्षांच्या चक्रात सरासरी १०० टक्के राख वापरात आणायची आहे. सुरुवातीच्या चक्रात मागे असलेल्या केंद्रांना एक ते दोन वर्षे वाढवून दिली होती. न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई आहे. जुन्या तलावांत साचलेली राखही दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने हलवायची आहे.

या 'वापर' शब्दाकडे गावांनी बारकाईने पाहावे. सखल जमीन भरण्यासाठी राख वापरली, तर तीही वापरातच मोजली जाऊ शकते. पण नाल्याकाठी, वर मातीचा थर न देता ओतलेले ढिगारे पहिल्याच पावसात नाल्यात जातात. राखेचा टिप्पर गावाच्या हद्दीत रिकामा होत असेल, तर ग्रामपंचायतीने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : राख कोणत्या कामासाठी आली, परवानगी कोणाची आहे आणि वरून माती कधी टाकणार. उत्तर आले नाही, तर जागेचे फोटो तारखेसह ठेवून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात तक्रार द्यावी. हे काम पावसाआधी व्हायला हवे. राख एकदा शेतात पसरली की ती मातीतून वेगळी काढता येत नाही.