रिफ्लेक्टर जॅकेट
रिफ्लेक्टर जॅकेट : रस्त्यावर काम करणारे मजूर, वाहतूक पोलीस, रेल्वेचे गँगमन आणि रात्री पायी चालणारे लोक यांनी वाहनचालकाला लांबून दिसावे म्हणून अंगावर चढवायचे बिनबाह्यांचे जाकीट. झगझगीत रंगाचे कापड आणि त्यावर शिवलेली करडी चमकपट्टी, जिला बाजारात ‘रेडियम’ म्हणतात, हे त्याचे दोन भाग. ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने 1964 मध्ये ग्लासगोजवळच्या रुळांवरील कामगारांना नारिंगी जाकिटे दिली, तो या पोशाखाचा पहिला मोठा प्रयोग मानतात. पुढे त्याची मानके ठरली. आयएसओ 20471 हे त्यांपैकी एक महत्त्वाचे. या जाकिटाविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणाहून निघतात. कापड आणि पट्टी ही वस्तुतः दोन स्वतंत्र साधने आहेत. कापड दिवसा काम करते आणि पट्टी रात्री, आणि एकाचे काम दुसरे करू शकत नाही. तरीही खरेदी करताना कापडाचा रंगच पाहिला जातो.

कापडाचा झगझगीतपणा येतो तो प्रतिदीप्त रंगद्रव्यामुळे. हे द्रव्य सूर्यप्रकाशातील अतिनील आणि निळे किरण शोषते आणि तीच ऊर्जा पिवळ्या-हिरव्या किंवा नारिंगी प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. म्हणून ते कापड साध्या रंगाच्या कापडापेक्षा उजळ दिसते आणि ढगाळ दुपारी किंवा संध्याकाळच्या संधिप्रकाशात विशेष उठून दिसते. उजेडाला सरावलेला डोळा सुमारे 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, त्यामुळे पोपटी-पिवळा रंग सर्वांत तेजस्वी भासतो. पण निवड केवळ तेजावर करू नये, पाठीमागे काय आहे ते पाहून करावी. पावसाळ्यात घाटातल्या हिरव्यागार झाडीपुढे पोपटी जाकीट विरून जाते, तिथे नारिंगी हवे. उलट नारिंगी शंकू, नारिंगी फलक आणि पिवळी यंत्रे यांच्या गर्दीत काम चालू असेल, तर नारिंगी जाकिटातला माणूस आणखी एक शंकूच वाटतो, तिथे पोपटी बरे. अंधार पडला की हा सगळा विचार जवळजवळ निरर्थक होतो. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या प्रकाशात रंगद्रव्याला उत्तेजित करणारे किरण नगण्य असतात, त्यामुळे झगझगीतपणा मावळतो आणि पोपटी व नारिंगी यांतला फरकही फारसा उरत नाही. पट्टी नसलेले झगझगीत जाकीट रात्री फार तर एक फिकट सदरा असते.

रात्रीचे काम पट्टीचे. तिच्या पृष्ठभागावर काचेचे अतिसूक्ष्म मणी आणि त्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा थर असतो, किंवा मण्यांऐवजी प्लास्टिकचे बारीक लोलक असतात. दोन्ही रचना आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. पांढरा सदरा तोच प्रकाश चहूकडे विखरून टाकतो, आणि चालकाच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा येतो. ‘रात्री पांढरे कपडे घातले की पुरे’ हा समज इथेच चुकतो. पण परतणारा प्रकाश फक्त दिव्याच्या आसपासच्या अरुंद शंकूत येतो, आणि चालकाचा डोळा दिव्याच्या जागी नसतो, त्याच्या वर असतो. मोटारीत हे अंतर साधारण 60 सेंटिमीटर धरले, तर 80 मीटरवरून दिवा, पट्टी आणि डोळा यांच्यातला कोन अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो. ट्रकच्या केबिनमध्ये डोळा दिव्याच्या 1.4 मीटर वर असेल, तर तिथूनच तो एक अंश होतो. मानकानुसार नव्या पट्टीने एक तृतीयांश अंशाला किमान 250 एकक परावर्तन द्यावे लागते, पण एक अंशाला फक्त 25 एकक. म्हणजे मोटारवाल्याला लख्ख दिसणारा माणूस ट्रकचालकाला बराच मंद दिसतो. ताशी 60 किलोमीटर वेगासाठी आपल्याकडील रस्ता-आराखड्यात थांबण्याचे अंतर 80 मीटरच धरतात. जी पट्टी ‘अजून चमकते तर आहे’ म्हणून वापरात ठेवली जाते, तिच्यावर ट्रकपुढे विसंबणे मला धोक्याचे वाटते.

पट्टी झिजते ती दिसेल अशा रीतीने नाही. उघडे मणी घासून गळतात, घडीच्या जागी थर तडकतो, डांबर, सिमेंट आणि धूळ मण्यांवर बसते, आणि भिजल्यावर पाण्याचा पातळ थर परावर्तन आणखी घटवतो. दिवसा मात्र पट्टी चंदेरीच दिसते. बाजारात केवळ चंदेरी रंगाचे कापड पट्टी म्हणून लावलेली जाकिटेही मिळतात, आणि उन्हात ती ओळखता येत नाहीत. परीक्षा अंधारातच करावी. नव्या पट्टीचा तुकडा जुन्या जाकिटाशेजारी टांगून दहा पावले मागे जावे, मोबाइलचा दिवा डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाला टेकवून धरावा आणि दोन्ही पाहावेत. दिवा पोटाजवळ धरला तर चांगली पट्टीही मंद दिसेल आणि निष्कर्ष चुकेल. कापडाची झीज दिवसा कळते. खिशाच्या झाकणाखालचा ऊन न लागलेला भाग आणि खांद्याचा रंग शेजारी धरले, की किती उडाला ते दिसते. धुलाईत ब्लीच टाळावे आणि पट्टीवर इस्त्री फिरवू नये. आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत दर्जाची हमी आहे हे लिहिलेले असते; रोज धुतल्या जाणाऱ्या जाकिटाचे आयुष्य त्यावरून मोजावे. मळके ठेवून आयुष्य वाढत नाही, कारण मळानेही चमक जातेच.

पायी चालणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट पट्टीची जागा. मोटारीचा खालचा झोत मुद्दामच रस्त्याकडे झुकवलेला असतो. लांबून तो आधी घोट्या-पोटऱ्यांवर पडतो, छातीपर्यंत कमी पोहोचतो. शिवाय छातीवरची स्थिर पट्टी म्हणजे चालकाला फक्त एक चकाकणारा ठिपका. तो फलक असेल, खांब असेल. घोटे, गुडघे आणि मनगटे यांवर पट्ट्या असल्या की त्यांच्या हालचालीतून चालणारा माणूस ओळखू येतो. काही ठिपक्यांच्या हालचालीवरून मेंदू चाल ओळखतो, हे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दाखवले, आणि नंतरच्या रस्त्यावरील चाचण्यांतही अशा पट्ट्या बांधलेली माणसे नुसत्या जाकिटातल्यांपेक्षा लांबून ओळखली गेली. पहाटे निघणाऱ्या दिंड्या, शिर्डीच्या पदयात्रा किंवा सकाळी फिरायला जाणारे यांनी एकच वस्तू घ्यायची तर घोट्याच्या पट्ट्यांची जोडी घ्यावी. जाकीट घेतलेच तर पाठीवरची पिशवी त्याच्या वर अडकवू नये, मागून येणाऱ्याला मग काहीच दिसत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की लुकलुकणारा दिवा पट्टीपेक्षा चांगला. वळणावर, जिथे वाहनाचा झोत अजून पोहोचलेला नाही, तिथे तो खरोखर चांगला आहे, कारण पट्टीला बाहेरचा प्रकाश लागतोच. पण दिव्याची बॅटरी उतरते आणि एकटा दिवा माणसाचा आकार सांगत नाही, म्हणून तो पट्टीच्या जोडीला असावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जाकिटाचा आग्रह धरला की अपघाताचा दोष, मेलेल्याच्या अंगावर जाकीट नव्हते म्हणून, त्याच्यावरच ढकलला जातो. हा आक्षेप मला योग्य वाटतो. रस्त्याच्या कामावर आगाऊ फलक, वेग उतरवणारी शंकूंची रांग, अडथळे आणि उजेड ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, आणि जाकीट त्या सगळ्यानंतर येते. झोपाळलेल्या किंवा दारू प्यालेल्या चालकापुढे सर्वोत्तम पट्टीही व्यर्थ आहे. पण यावरून जाकीट नको असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की ते ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने द्यावे आणि त्याच्या नोंदवहीत वाटपाच्या तारखेशेजारी पट्टी अंधारात तपासल्याची तारीखही असावी.